"तक्ता २ पाहा" असं लिहिलंय, पण तक्ता २ नाहीच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी किंवा पदव्युत्तर प्रबंधासाठी इतरांच्या पेपरमधले आकडे उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्यांकडून हे प्रश्न सारखे येतात. विचारणारे बहुतेक जण वैद्यकीय, परिचर्या आणि समाजआरोग्य शाखांतले असतात, म्हणून उदाहरणंही तिथलीच घेतली आहेत. परीक्षकांचे आणि लेखकांचे प्रश्न शेवटाकडे आहेत. प्रश्न ५ पासून पुढे येणारा रक्तक्षयाचा अभ्यास समजावण्यासाठी रचलेला आहे. तो कोणाचा खरा पेपर नाही.

१. पेपरमध्ये "तक्ता २ पाहा" असं आहे, पण पीडीएफमध्ये तक्ता २ सापडत नाही. सुरुवात कुठून करू?

आधी संदर्भसूचीच्या पुढची पानं बघा. स्वीकृत हस्तलिखित म्हणून ठेवलेल्या प्रतींमध्ये, म्हणजे पबमेड सेंट्रलवर लेखकाने स्वतः दिलेल्या प्रतीसारख्या फाईलमध्ये, सगळे तक्ते आणि आकृत्या एकत्र शेवटी असतात. संदर्भसूची आली की बरेच जण फाईल मिटतात आणि तक्ता नाही असं धरून चालतात.

मग तक्त्याचा क्रमांक नीट वाचा. "Table 2" आणि "Table S2" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. S लागलेला तक्ता पूरक साहित्यात असतो आणि त्याची फाईल मुख्य पीडीएफबरोबर उतरत नाही. medRxiv वर त्यासाठी "Supplementary Material" नावाचा वेगळा टॅब आहे. काही लेखक मुख्य तक्तेसुद्धा तिथेच चढवतात, त्यामुळे S नसला तरी तो टॅब उघडून बघा.

तुमची पीडीएफ कुठून आली हेही आठवा. वेबपानावरून प्रिंट काढून ती बनवली असेल, तर पानावर बटणामागे मिटलेले तक्ते प्रिंटमध्ये उतरतच नाहीत. प्रकाशकाची पीडीएफ घ्या आणि वेबपानही एकदा पूर्ण उघडून बघा.

एवढं झाल्यावर एक यादी करा. फाईलमध्ये "Table" आणि "Fig" हे शब्द शोधायचे, मजकुरात कोणकोणते क्रमांक आलेत ते लिहायचे आणि त्यासमोर कोणते प्रत्यक्ष सापडले ते लिहायचं. काम दहा मिनिटांचं असतं, पण लेखकाला पत्र लिहिताना आणि पुढे प्रबंधात नोंद करताना हीच यादी हाताशी लागते.

२. तक्ता लेखकाकडून राहिला, चढवताना गळाला की माझ्याच प्रतीत नाही, हे कसं ओळखायचं?

खुणा बऱ्याच बोलक्या असतात. मजकुरात मधेच "Insert Table 2 about here" अशी ओळ दिसली, तर लेखकाने तक्ता वेगळ्या फाईलमध्ये ठेवला होता आणि ती फाईल चढवायची राहिली किंवा जोडली गेली नाही. "Error! Reference source not found." ही वर्डची खूण आहे. ज्या तक्त्याकडे दुवा होता तो किंवा त्याचं शीर्षक कोणीतरी काढून टाकलंय. अशा वेळी तो तक्ता लेखकाने मुद्दाम काढला असण्याची शक्यता धरायला हवी, कारण मजकूर आखडताना तक्ते काढले जातात आणि वाक्यं तशीच राहतात.

क्रमांकाच्या जागी `??` दिसले, तर पेपर लाटेकमध्ये लिहिलेला आहे. ही खूण फसवी आहे. तक्ता जागेवर असूनही दुवा जुळवणारी शेवटची फेरी चालवली नसेल तर `??` येतात. म्हणून हे चिन्ह दिसलं की तक्ता गेला असं समजू नका, आजूबाजूला शोधा.

शीर्षक आहे पण खाली कोरी जागा आहे, असं असेल तर प्रश्न चित्राचा आहे. तीच फाईल दुसऱ्या पीडीएफ वाचकात उघडून बघा. तरीही कोरीच दिसली, तर फाईलच्या पोटात चित्र आहे का हे पॉपलर या साधनसंचातल्या आज्ञेने कळतं:

```
pdfimages -list paper.pdf
```

त्या पानाच्या क्रमांकासमोर चित्र दिसलं, तर अडचण तुमच्या वाचकाची आहे. काहीच दिसलं नाही, तर चित्र बहुधा आलेलंच नाही. बहुधा म्हणायचं कारण असं, की रेषांनी काढलेले व्हेक्टर आलेख या यादीत येत नाहीत.

हे सगळं ओळखायचं कशासाठी, तर पुढची विचारणा कोणाकडे करायची हे त्यावर ठरतं. प्रत तुमची अपुरी असेल तर ग्रंथालय, चढवताना गळाला असेल तर नियतकालिकाचं कार्यालय, आणि लेखकाने ठेवलाच नसेल तर लेखक.

३. पेपर arXiv वर आहे. तिथे काही वेगळा मार्ग आहे का?

आहे. गोषवाऱ्याच्या पानावर v1, v2 अशा सगळ्या आवृत्त्या दिसतात. v1 मध्ये राहिलेली आकृती v2 मध्ये आलेली असते किंवा उलटंही घडतं. जी आवृत्ती वापराल तिचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा, नाहीतर तुमचे आकडे ताडून बघणारा दुसरीच आवृत्ती उघडेल.

दुसरं म्हणजे, बऱ्याच पेपरची मूळ लाटेक फाईल तिथून उतरवता येते. तिच्यात `anc` नावाचा फोल्डर असेल तर त्यात लेखकाने जोडलेली पूरक सामग्री असते, आणि हरवलेला तक्ता कधीकधी तिथे निघतो.

इथे एक पेच आहे. मूळ फाईलमध्ये % चिन्हाने झाकलेल्या ओळींत एखादा अख्खा तक्ता सापडतो. तो पीडीएफमध्ये दिसत नाही, कारण लेखकाने तो दाखवायचा नाही असं ठरवलं. आकडे चुकीचे निघाले असतील, सहलेखकाने हरकत घेतली असेल, किंवा नुसती जागा कमी पडली असेल. तो तक्ता प्रकाशित निष्कर्ष म्हणून वापरू नये असं माझं ठाम मत आहे. त्याचा उपयोग एवढाच, की लेखकाला नेमका प्रश्न विचारता येतो. उत्तर आलं तर ते "लेखकाने पत्रातून कळवलेले आकडे" म्हणून वापरा.

४. शोधगंगेवरच्या प्रबंधात परिशिष्टच नाही. पुढे काय?

शोधगंगेवर प्रबंध प्रकरणागणिक वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतो. त्यामुळे एखादी फाईल न चढणं किंवा परिशिष्ट शेवटच्या प्रकरणाच्या किंवा संदर्भसूचीच्या फाईललाच चिकटलेलं असणं, दोन्ही घडतं. म्हणून यादीतली प्रत्येक फाईल उघडा, तिच्या नावावर जाऊ नका. अनुक्रमणिकेतले पान क्रमांक फाईलमधल्या पानांशी ताडले की नेमकी कोणती पानं नाहीत ते कळतं.

तरी नाही मिळालं, तर संबंधित विद्यापीठाच्या ग्रंथालयात छापील प्रत असते. पुणे विद्यापीठाचा प्रबंध असेल तर जयकर ग्रंथालयात विचारा. पत्र लिहिताना प्रबंधाचं नाव, वर्ष आणि हव्या असलेल्या पानांचे क्रमांक द्या. "परिशिष्ट पाठवा" यापेक्षा "पान २११ ते २१८" या विनंतीला उत्तर लवकर येतं. मिळालेली पानं छापील प्रतीतली असतील तर नोंदीत तसंच लिहा.

जुन्या नियतकालिकांच्या स्कॅन प्रतींत आणखी एक प्रकार दिसतो. घडीचं मोठं पान न उलगडता स्कॅन केलेलं असतं, त्यामुळे तक्त्याचा एकच पट्टा दिसतो. दुसऱ्या ग्रंथालयातल्या प्रतीचा स्कॅन शोधा. एका ठिकाणी मिटलेलं पान दुसऱ्या ठिकाणी उलगडलेलं सापडू शकतं.

५. तक्ता नाही, पण मजकुरात काही आकडे आहेत. त्यांवरून हवे ते आकडे काढले तर चालतं का?

चालतं, पण कुठवर ते नीट समजून घ्या. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू.

समजा, लोहाच्या गोळ्यांच्या एका अभ्यासात प्रत्येक गटात ६० गरोदर स्त्रिया घेतल्या. निष्कर्षात एकच वाक्य आहे: "नियंत्रण गटापेक्षा उपचार गटात हिमोग्लोबिन सरासरी ०.८ ग्रॅम/डेसीलीटरने जास्त वाढलं (९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.३ ते १.३, तक्ता २)." आणि तक्ता २ फाईलमध्ये नाही.

आधी इंटरव्हल समतोल आहे का बघा. ०.३ आणि १.३ यांचा मध्य ०.८ येतो, म्हणजे वाक्य स्वतःशी जुळतं. आता इंटरव्हलची रुंदी १.० आहे, आणि मोठ्या गटांसाठी ती स्टँडर्ड एररच्या ३.९२ पट असते:

```
SE = (1.3 - 0.3) / 3.92 = 0.255
```

इथवर फारसं गृहीतक नाही. यापुढे बरेच जण प्रत्येक गटाचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढायला जातात:

```
SD = 0.255 / sqrt(1/60 + 1/60) = 1.40
```

या दुसऱ्या ओळीत तीन गोष्टी गुपचूप मान्य केल्या गेल्या. दोन्ही गटांचं डेव्हिएशन सारखंच आहे, फरकाचा हिशेब वय किंवा सुरुवातीचं हिमोग्लोबिन जमेस न धरता केलाय, आणि विश्लेषणात साठच्या साठ स्त्रिया होत्या. तिसरी गोष्ट सगळ्यात घातक आहे. अभ्यासात घेतलेल्या साठ असतात, शेवटपर्यंत राहिलेल्या कमी असतात, आणि विश्लेषणात किती होत्या हे नेमकं त्या हरवलेल्या तक्त्याच्या डोक्यावर छापलेलं असतं.

आता गोल आकड्यांचा परिणाम बघा. ०.३ म्हणजे ०.२५ ते ०.३५ मधलं काहीही, आणि १.३ म्हणजे १.२५ ते १.३५. त्यामुळे रुंदी ०.९ ते १.१ मध्ये कुठेही असू शकते. म्हणजे स्टँडर्ड एरर ०.२३ ते ०.२८, आणि साठ-साठ धरलं तर डेव्हिएशन १.२६ ते १.५४. एवढी फट असताना "१.४०" असा दोन दशांशांचा आकडा तक्त्यात भरणं म्हणजे जी अचूकता आपल्याकडे नाही ती दाखवणं.

म्हणून माझा सल्ला असा: जेवढं लागतं तेवढंच काढा. मेटा-अॅनालिसिसमध्ये फरक आणि त्याचा स्टँडर्ड एरर एवढ्यावर जेनेरिक इन्व्हर्स व्हेरियन्स पद्धतीने काम भागतं. ती पद्धत वापरली तर डेव्हिएशनची पायरी गाळता येते आणि तिच्यातली तिन्ही गृहीतकंही गळतात. यापुढे जाऊन प्रत्येक गटाची स्वतंत्र सरासरी, सुरुवातीची पातळी किंवा उपगटांचे आकडे या वाक्यातून कोणत्याही युक्तीने निघत नाहीत. ते रिकामेच ठेवायचे.

दोन सूचना. गट लहान असतील, साधारण साठपेक्षा कमी, तर ३.९२ ऐवजी टी-वितरणातला आकडा घ्या. आणि रिस्क रेशो किंवा ऑड्स रेशो असेल तर आधी लॉगॅरिदम घ्या, मग वजाबाकी. रेशोचा इंटरव्हल मूळ मोजपट्टीवर समतोल नसतो.

६. मजकुरात फक्त टक्केवारी आहे. त्यावरून संख्या काढू का?

गटाचा आकडा पक्का माहीत असेल आणि तो शंभरच्या आत असेल तर हे सहसा सुरक्षित आहे. ६० स्त्रियांपैकी "४२%" म्हणजे २५ च. २४ असत्या तर ४०% आले असते आणि २६ असत्या तर ४३%. पण गट पाचशेचा असेल तर "४२%" मध्ये २०८ पासून २१२ पर्यंतची कुठलीही संख्या बसते. अशा वेळी संख्या काढा, पण ती अंदाजे आहे असं लिहा.

टक्केवारी कोणत्याच पूर्ण संख्येशी जुळत नसेल, तर छेद तुम्ही समजताय तो नाही. ही खूण वाया घालवू नका. मधे गळालेल्या स्त्रियांचा पत्ता बऱ्याचदा असाच लागतो.

७. तक्ता नाही, पण त्याच आकड्यांचा आलेख आहे. आलेखावरून मोजले तर?

मोजा. वेबप्लॉटडिजिटायझरसारखी साधनं त्यासाठीच आहेत: अक्षावरचे दोन बिंदू सांगायचे आणि स्तंभाच्या टोकावर खूण करायची. दोघांनी स्वतंत्रपणे मोजून उत्तरं ताडावीत. मोजण्याआधी दांड्यांच्या टोकाची रेघ डेव्हिएशन दाखवते, स्टँडर्ड एरर की इंटरव्हल, हे शीर्षकात लिहिलंय का ते बघा. लिहिलेलं नसेल आणि मजकुरातूनही कळत नसेल तर सरासरी घ्या, रेघ घेऊ नका. अंदाजाने ठरवलं आणि चुकलं, तर ६० च्या गटात डेव्हिएशन जवळपास आठपट चुकतं.

८. दुसऱ्या एका रिव्ह्यूमध्ये त्या हरवलेल्या तक्त्यातले आकडे छापलेत. तिथून घेतले तर चालेल का?

आधी तो रिव्ह्यू लिहिणाऱ्यांकडे पूर्ण प्रत होती, की त्यांनीही प्रश्न ५ सारखा हिशेब केला, हे शोधा. पद्धती विभागात किंवा तक्त्याखालच्या टिपेत ते सापडतं. पूर्ण प्रत असेल तर त्यांना पत्र लिहून ते पान मागा. सहसा मिळतं.

पान मिळालं नाही आणि आकडे वापरायचेच असतील, तर संदर्भ त्या रिव्ह्यूचा द्या आणि मूळ तक्ता बघितलेला नाही हे स्पष्ट लिहा. मूळ पेपरचा संदर्भ देऊन रिव्ह्यूमधले आकडे लिहायचे, हे मात्र करू नका. वाचणाऱ्याला वाटतं की दोन स्वतंत्र ठिकाणी आकडे जुळले, आणि प्रत्यक्षात एकाच ठिकाणची चूक दोनदा छापली जाते.

९. लेखकाला पत्र कसं लिहू? उत्तर येत नाही असा अनुभव आहे.

लहान आणि नेमकं लिहा. "तुमचा डेटा द्या" अशी मागणी वाचून माणूस मागे सरतो. एक तक्ता मागितला तर तो त्याच्या संगणकात तयार असतो. मराठी प्राध्यापकांना लिहायचं झालं तर साधारण असं:

> आदरणीय मॅडम, स. न. वि. वि.
> गरोदर स्त्रियांतील रक्तक्षयावरचा आपला पेपर आमच्या रिव्ह्यूमध्ये समाविष्ट केला आहे. निष्कर्ष विभागात तक्ता २ चा उल्लेख आहे, पण संकेतस्थळावरील पीडीएफमध्ये तक्ता १ नंतर थेट तक्ता ३ येतो. तक्ता २ पाठवता येईल का? तो नसल्यास, विश्लेषणात प्रत्येक गटात किती स्त्रिया होत्या आणि हिमोग्लोबिनमधील बदलाची सरासरी व स्टँडर्ड डेव्हिएशन एवढे कळवले तरी पुरेल. आपण कळवलेले आकडे "लेखकांकडून पत्राद्वारे" असे नोंदवू. त्याला आपली हरकत असल्यास कृपया सांगावे.

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. आपण पाठवलेला आकडा छापला जाणार आहे हे पाठवणाऱ्याला आधी कळायला हवं.

पेपरवरचा पत्ता जुना असेल तर त्याच लेखकाचा ताजा पेपर शोधून तिथला पत्ता घ्या. पहिलं पत्र, दोन आठवड्यांनी आठवण, आणखी दोन आठवड्यांनी सहलेखकांना प्रत, एवढं पुरेसं आहे. किती वाट बघायची ते आधीच आराखड्यात लिहून ठेवा, म्हणजे सोयीच्या अभ्यासासाठी चार महिने आणि गैरसोयीच्या अभ्यासासाठी चार दिवस असं होणार नाही.

१०. लेखकाने तक्ता पाठवला, पण तो पेपरमधल्या वाक्याशी जुळत नाही. कोणतं खरं धरू?

लगेच कोणतंच धरू नका, आधी का जुळत नाही ते बघा. प्रश्न ५ चंच उदाहरण पुढे नेऊ. आलेल्या तक्त्यात दोन्ही गटांचं डेव्हिएशन १.१ आहे. साठ-साठ धरून हिशेब केला तर इंटरव्हल ०.४ ते १.२ येतो, पण पेपरमध्ये ०.३ ते १.३ आहे. आपण काढलेल्या १.२६ ते १.५४ या पट्ट्यातही १.१ बसत नाही.

आता गटात ३८ स्त्रिया धरून बघा:

```
SE = 1.1 * sqrt(1/38 + 1/38) = 0.252
0.8 ± 1.99 * 0.252  ->  0.3 ते 1.3
```

चपखल जुळतं. म्हणजे इंटरव्हल बहुधा शेवटपर्यंत राहिलेल्या स्त्रियांवरच काढलाय, आणि प्रत्येक गटातल्या २२ जणींचे आकडे विश्लेषणात नाहीत. हा निष्कर्ष म्हणून लिहायचा नाही. लेखकाला "हा हिशेब किती स्त्रियांवर आहे?" असं सरळ विचारायचं. होकार आला, तर तक्ताही खरा आणि वाक्यही खरं. पण बायसच्या मूल्यमापनात गळतीची नोंद बदलते, आणि रिव्ह्यूच्या दृष्टीने हीच मोठी बातमी आहे.

एक गोष्ट बघा: स्टँडर्ड एरर ०.२५ च्या आसपास तोच राहिला. हलला तो फक्त डेव्हिएशन. जेवढं लागतं तेवढंच काढा असं वर म्हटलं ते यासाठीच.

लेखकाचं उत्तर आलं नाही आणि तफावत तशीच राहिली, तर मुख्य विश्लेषणात प्रकाशित वाक्य घ्या, पत्रातल्या आकड्यांनी ते पुन्हा करून बघा, आणि दोन्ही उत्तरं छापा.

११. उतारा-तक्त्यात ही जागा कशी भरायची? सध्या मी "NR" लिहितो.

"NR" म्हणजे लेखकाने नोंदवलंच नाही. तुमच्या बाबतीत लेखकाने नोंदवलंय, तुम्हाला ते दिसलेलं नाही. हे दोन्ही एकाच खुणेखाली गेलं, तर लेखकावर न केलेल्या चुकीचा ठपका येतो, आणि पुढे पूर्ण प्रत मिळाली तरी कोणत्या जागा भरायच्या हे सापडत नाही.

चार वेगळ्या खुणा ठेवा: नोंदवलेलं नाही, तक्त्याचा उल्लेख आहे पण तक्ता उपलब्ध नाही, मजकुरावरून किंवा आलेखावरून काढलेलं, लेखकाने पत्राने कळवलेलं. काढलेल्या आकड्यासमोर सूत्र आणि गृहीतक लिहायला एक रकाना ठेवा. शून्य किंवा आडवी रेघ कधीही वापरू नका. सॉफ्टवेअर शून्याला खरं मूल्य समजतं आणि रेघेचा अर्थ सहा महिन्यांनी तुम्हालाही आठवत नाही.

प्रबंधाच्या पद्धती प्रकरणात असं लिहिता येईल: "एका अभ्यासाच्या उपलब्ध प्रतीत तक्ता २ नव्हता. लेखकांना दोनदा पत्र पाठवले, उत्तर आले नाही. फरकाचा स्टँडर्ड एरर मजकुरातील ९५% कॉन्फिडन्स इंटरव्हलवरून काढला. उपगटांचे आकडे मिळू शकले नाहीत." प्रिझ्मा २०२० च्या २७ कलमी यादीतही याला जागा आहे: लेखकांकडून माहिती मिळवण्याची पद्धत कलम ९ मध्ये, आणि अपुऱ्या माहितीबद्दलची गृहीतकं कलम १०ब मध्ये.

१२. एवढा खटाटोप करण्यापेक्षा तो अभ्यास वगळला तर?

समाविष्ट करण्याचे निकष अभ्यासाच्या रचनेवर ठरलेले असतात, फाईलच्या अवस्थेवर नाही. निकषांत बसणारा अभ्यास समाविष्टच राहतो. एकत्रित हिशेबात त्याचे आकडे घेता आले नाहीत तर वर्णनात त्याबद्दल लिहा आणि फॉरेस्ट प्लॉटखाली टीप द्या, म्हणजे इतके अभ्यास समाविष्ट असून आलेखात एक कमी का, हे कळेल. काढलेला आकडा वापरला असेल तर तो अभ्यास धरून आणि सोडून, असं दोनदा विश्लेषण करा. उत्तराची दिशा बदलत असेल तर ते चर्चेत आलंच पाहिजे.

१३. तक्ता मुद्दाम काढलेला असू शकतो का?

हो, आणि कारणं रास्त असतात. लहान गावातल्या दुर्मिळ आजाराच्या अभ्यासात एखाद्या चौकटीत एक-दोनच रुग्ण असतील तर ओळख पटू नये म्हणून आकडे झाकतात. दुसऱ्याच्या प्रकाशनातली आकृती परवानगीअभावी ऑनलाइन प्रतीतून काढली जाते. तिथे बहुतेकदा तसं लिहिलेलं असतं. पहिल्या प्रकारात झाकलेले आकडे बेरजा-वजाबाक्या करून उघडे करू नका. ते जमलं तरी ती रुग्णाची माहिती आहे, तुमच्या हिशेबाचा भाग नाही.

१४. मला परीक्षणासाठी आलेल्या हस्तलिखितातच तक्ता नाही. लेखकाला लिहू का?

नाही. परीक्षणात सगळा व्यवहार संपादकांमार्फतच होतो. आधी सबमिशनच्या पानावर वेगळ्या फाईल जोडल्या आहेत का बघा, कारण एकत्र बनवलेल्या पीडीएफमध्ये एक्सेल फाईल बऱ्याचदा उतरत नाही. नसेल तर त्याच दिवशी संपादकांना कळवा आणि तक्ता येईपर्यंत मुदत थांबवायला सांगा.

तक्ता न बघता परीक्षण करायचंच ठरलं, तर अहवालाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा: "तक्ता २ माझ्याकडे आलेला नाही. हिमोग्लोबिनविषयीच्या निष्कर्षावर मी मत देत नाही." तसं लिहिलं नाही, तर संपादक तुमचं मौन संमती म्हणून वाचतात.

१५. तक्ता माझ्याच छापून आलेल्या पेपरमधून गळालाय. वाचकाने कळवलं. आता?

वाचकाला तक्ता पाठवा, पण तिथे थांबू नका, कारण पत्र एकालाच पोचतं. प्रीप्रिंट असेल तर नवी आवृत्ती चढवा आणि काय बदललं ते एका ओळीत लिहा. नियतकालिक असेल तर संपादकांना दुरुस्ती प्रसिद्ध करायला सांगा. मूळ पीडीएफ गुपचूप बदलून देतो असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. आधीच्या प्रतीवरून ज्यांनी प्रश्न ५ सारखे हिशेब केलेत, त्यांना आपले आकडे पुन्हा तपासायला हवेत हे दुरुस्तीच्या तारखेवरूनच कळतं. आणि तक्ता पाठवण्याआधी तो मजकुरातल्या वाक्याशी ताडून बघा, विशेषतः वरच्या रांगेतली स्त्रियांची संख्या.